कुरिअरच्या फोटोतले दार आपलेच आहे का? धाराशिव जिल्ह्यातील ग्राहकांना जाहीर आवाहन

मोबाइलवर ‘डिलिव्हर्ड’ असा संदेश येतो, सोबत एका दारापुढे ठेवलेल्या खोक्याचा फोटो असतो, आणि घरी मात्र काहीच आलेले नसते. तक्रार केली की कंपनी तोच फोटो पुढे करते. अशा वेळी ग्राहकांनी चिडून फोन आपटण्याआधी किंवा ‘जाऊ दे, पाचशेचीच तर वस्तू’ म्हणून सोडून देण्याआधी तो फोटो नीट वाचावा, असे कळकळीचे आवाहन आहे. फोटो कोणत्या दाराचा आहे, हे बऱ्याचदा त्या फोटोतच दिसत असते.

पहिले काम म्हणजे फोटोचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवणे. त्यात तारीख, वेळ आणि ऑर्डर क्रमांक दिसला पाहिजे. मग आपल्या दाराचा फोटो त्याच कोनातून, तेवढ्याच उंचीवरून आणि शक्यतो त्याच वेळेला काढावा. दोन्ही शेजारी ठेवून हलवता न येणाऱ्या गोष्टी पाहाव्यात: उंबरा दगडी आहे की सिमेंटचा, फरशी शहाबादी की टाइलची, बिजागऱ्या डावीकडे की उजवीकडे, कडी किती उंचीवर, वीजमीटर कुठे. चपला, पायपुसणे, तोरण यांवर विसंबू नये. ती रोज बदलतात.

यातली खरी मेख अशी की, जुळण्यापेक्षा न जुळणे जास्त बोलते. निळे दार आणि शहाबादी फरशी गल्लीत दहा घरांना असू शकते, त्यामुळे तेवढे जुळले म्हणून दार आपलेच ठरत नाही. पण आपल्या बिजागऱ्या उजवीकडे आणि फोटोतल्या डावीकडे असतील, आणि फोटोत खोक्यावरची अक्षरे सुलट असतील, म्हणजे फोटो उलटलेला नसेल, तर तेवढा एक फरक पुरेसा आहे.

लोहारा आणि उमरगा तालुक्यांतल्या ग्राहकांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर सास्तूरसारख्या गावांचे पुनर्वसन झाले, तेव्हा एकाच आराखड्याची घरे ओळीने उभी राहिली. तिथे दार आणि भिंत जुळणे याला फारसा अर्थ उरत नाही. घर क्रमांकाची पाटी, किंवा नंतर घरमालकाने स्वतः बांधलेला ओटा, पायरी, पत्र्याची पडवी हीच तिथली खूण. फोटोत यातले काहीच नसेल, फक्त उंबरा आणि खोके असेल, तर तो फोटो कोणत्याही घराचा असू शकतो, हे तक्रारीत स्पष्ट लिहावे.

ऊनही साक्ष देते. समजा, धाराशिव शहरातल्या एका पूर्वाभिमुख घराच्या नावावर दुपारी साडेचारला पार्सल पोचल्याची नोंद आहे, आणि फोटोत उंबऱ्यावर थेट ऊन पडले आहे. त्या वेळी सूर्य पश्चिमेला, घराच्या पाठीमागे असतो. म्हणजे एकतर दार दुसरे, नाहीतर वेळ चुकीची. आभाळ असेल किंवा दार पडवीच्या सावलीत असेल, तर मात्र ही कसोटी लागू पडत नाही.

याच घरासाठी कंपनीकडे फोटोवेळचे अक्षांश-रेखांश मागितले, असे धरू. पार्सल वाटणाऱ्याच्या अ‍ॅपमध्ये ते बहुधा नोंदले जातात, ग्राहकाला दिसत नाहीत एवढेच. नोंद 18.1878 निघाली आणि घराचा अक्षांश 18.1853 असला, तर फरक 0.0025 अंश, म्हणजे सुमारे 277 मीटर. मोकळ्यावर मोबाइल साधारण पाच मीटरपर्यंत चुकतो, दाट गल्लीत त्याहून बराच जास्त. म्हणून पंधरा-वीस मीटरच्या फरकावर भांडू नये. 277 मीटरचा जाब मात्र जरूर मागावा. तरी एक शक्यता उरते: गल्लीत रेंज नसल्याने पार्सल वाटणाऱ्या मुलाने चौकात येऊन ‘डिलिव्हर्ड’चे बटण दाबले असेल. म्हणून ही नोंद ‘बटण दाबल्याची की फोटो काढल्याची’, हे लेखी विचारावे.

फोटो खरोखर आपल्याच दाराचा निघाला, तर तसे प्रामाणिकपणे सांगावे. आधी घरच्यांना, शेजाऱ्यांना, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात विचारावे. उन्हातान्हात पत्ते शोधत फिरणाऱ्या मुलावर एका फोटोवरून चोरीचा आळ घेऊ नये. मात्र दारात ठेवल्याचा फोटो म्हणजे वस्तू ग्राहकाच्या हाती पडल्याचा पुरावा नव्हे, हेही कंपनीला सांगावे.

ऑनलाइन खरेदीत तक्रार ज्या संकेतस्थळावर ऑर्डर दिली, त्याच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी करावी. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचे असते. दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंद करावी. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. कंपनी बेंगळुरूची असो वा गुरुग्रामची, 2019 च्या कायद्याने ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. तक्रारीला दोन्ही फोटो शेजारी-शेजारी जोडावेत आणि न जुळणाऱ्या जागेवर लाल गोल करावा.