‘हो’ कशाला?

कर सल्लागाराच्या कार्यालयातलं निम्मं काम आता व्हॉट्सॲपवर होतं. नोटिशीची पीडीएफ, खरेदी खात्याचा फोटो, मालकाचा होकार, हिशेबनिसाची शंका, सगळं एकाच गटात येऊन पडतं. ते काम पाहणारा माणूस रजेवर गेला, दुसऱ्या शाखेत गेला किंवा नोकरी सोडून गेला, की तो गट ‘एक्सपोर्ट’ होतो आणि सहकाऱ्याला ईमेल जाते. बहुतेक ईमेलींत एकच ओळ असते : सोबत चॅट जोडलं आहे, कृपया पाहून घ्या. ही ओळ पुरत नाही, कारण एक्सपोर्ट केलेलं चॅट हे मूळ चॅट राहिलेलं नसतं.

उदाहरणादाखल हार्डवेअरच्या एका व्यापाऱ्याचं प्रकरण घेऊ. आर्थिक वर्ष २०२४-२५. ३ नोव्हेंबर २०२५ रोजी एएसएमटी-१० आली. जीएसटीआर-३बीमध्ये घेतलेलं क्रेडिट जीएसटीआर-२बीपेक्षा १,२७,५०० रुपयांनी जास्त आहे, खुलासा करा, असं तीत म्हटलेलं. उत्तर एएसएमटी-११ मध्ये तीस दिवसांत, म्हणजे ३ डिसेंबरपर्यंत द्यायचं. चौकशी करता फरकाचे दोन तुकडे निघाले. एका पुरवठादाराने मार्चचं बिल एप्रिलच्या जीएसटीआर-१ मध्ये दाखवलं, त्याचे ८१,०००. दुसऱ्याने याच कुटुंबातल्या दुसऱ्या फर्मच्या नोंदणी क्रमांकावर बिल चढवलं, त्याचे ४६,५००. हे काम मध्येच सहकाऱ्याकडे गेलं आणि त्याच्या हाती जी फाइल पडली, तिच्यात, नावांच्या जागी भूमिका घातल्या तर, असं होतं :

```
07/11/25, 6:31 pm - हिशेबनीस: दुसऱ्या सप्लायरने दुरुस्ती केली का?
07/11/25, 6:33 pm - हिशेबनीस: की ४६,५०० रिव्हर्स करून टाकू?
07/11/25, 6:35 pm - हिशेबनीस: <Media omitted>
07/11/25, 6:41 pm - हिशेबनीस: वरचा फोटो चुकला, हा घ्या
07/11/25, 6:41 pm - हिशेबनीस: <Media omitted>
07/11/25, 6:52 pm - मालक: हो
```

हे ‘हो’ कशाला? मालकाने फोनवर पहिल्या प्रश्नावर बोट सरकवून त्यालाच उत्तर दिलं होतं. पडद्यावर त्या उत्तराच्या डोक्यावर मूळ प्रश्नाची चौकट दिसत होती. एक्सपोर्टमध्ये ती चौकट येत नाही. अंगठा, हात जोडलेली खूण अशा प्रतिक्रिया येत नाहीत आणि तारांकित केलेले संदेशही वेगळे दिसत नाहीत. आपल्याकडे तर निम्मे होकार अंगठ्यानेच दिले जातात. पुढचा माणूस ओळी वरून खाली वाचतो आणि ‘हो’ जवळच्या प्रश्नाला लावतो. इथे तसं झालं असतं, तर मालकाची संमती नसताना डीआरसी-०३ भरून ४६,५०० आणि त्यावरचं व्याज सरकारजमा झालं असतं. खरं तर उत्तरासोबत दुरुस्ती झालेली टूबी जोडायची होती.

फोटोंचं दुखणं दुसरं. ‘माध्यमांशिवाय’ हा पर्याय निवडला की प्रत्येक फोटोच्या, पीडीएफच्या आणि आवाजी निरोपाच्या जागी तीच एक ओळ उरते, आणि चुकलेला फोटो व बरोबर फोटो सारखेच दिसू लागतात. माध्यमांसह पाठवलं, तर फाइली येतात खऱ्या, पण `IMG-20251107-WA0007.jpg` अशा नावांनी. त्यातला कोणता खरा, हे नावावरून कळत नाही. शिवाय दोन मर्यादा लक्षात ठेवाव्यात. ईमेलने एक्सपोर्ट करताना माध्यमांसह शेवटचे १०,००० आणि माध्यमांशिवाय ४०,००० संदेशच जातात. जीमेलची जोडपत्रांची मर्यादा २५ एमबी असल्यामुळे जुन्या, गजबजलेल्या गटाचे फोटो तिच्यात मावत नाहीत. नोटिशीच्या कामाला सगळा गट लागतही नाही. नोटीस आल्यापासूनचा भाग कापून, तीन-चार कागद स्वतंत्रपणे योग्य नावं देऊन जोडले, तर सहकाऱ्याचा अर्धा दिवस वाचतो.

माणसांची नावं हीसुद्धा पाठवणाऱ्याच्या फोनमधली असतात. ‘अण्णा नवीन नंबर’ म्हणजे मालक की त्यांचे वडील, हे त्या एकाच फोनला ठाऊक. नंबर साठवलेलाच नसेल, तर नुसते आकडे येतात. तारखेची मांडणीही फोनच्या सेटिंगप्रमाणे बदलते, त्यामुळे 07/11 हे सात नोव्हेंबर की अकरा जुलै, असा घोळ होऊ शकतो. मुदत दिवसांत मोजायच्या कामात तो परवडणारा नाही.

म्हणून फाइलच्या वर ईमेलमध्ये जे लिहायचं, त्याने चॅटमधून गळलेलं तेवढं भरून काढायला हवं. या प्रकरणात ते असं लिहिता आलं असतं :

‘एएसएमटी-१०, वर्ष २०२४-२५, उत्तराची शेवटची तारीख ३ डिसेंबर. फरक १,२७,५००. त्यातले ८१,००० एप्रिलच्या टूबीत आले आहेत, ती टूबी जोडली आहे. मार्चचं थ्रीबी भरल्यापासून एप्रिलचं भरेपर्यंत क्रेडिट लेजरची शिल्लक ८१,००० च्या खाली गेली होती का, हे मी पाहिलेलं नाही. व्याज लागेल की नाही ते त्यावर ठरेल, तेवढं आधी पाहा. ४६,५०० बद्दल ७ नोव्हेंबर, ६:५२ चं मालकांचं “हो” हे पुरवठादाराने दुरुस्ती केल्याबद्दलचं आहे. क्रेडिट रिव्हर्स करायला त्यांनी होकार दिलेला नाही, मी ८ तारखेला फोनवर विचारून घेतलं. दुरुस्ती टूबीत दिसते का, ते अजून तपासायचं आहे. खरेदी खात्याचा WA0009 हा फोटो धरा, WA0007 रद्द. “अण्णा नवीन नंबर” म्हणजे मालक. उत्तराचा मसुदा सुरू केलेला नाही. तुम्ही काम बघणार, हे मालकांना सांगितलं आहे.’

ही ईमेल लिहायला दहा मिनिटं पुरतात. तिच्यात झालेलं काम आणि न झालेलं काम वेगळं दिसतं, आणि यातली दुसरी बाजू जास्त मोलाची आहे. लेजर पाहिलेलं नाही हे लिहिलं नाही, तर सहकारी ते पाहिलेलंच असेल असं धरून पुढे जातो. फोनवर जे बोलणं झालं, ते तर चॅटमध्ये कुठेच नसतं. ते ईमेलमध्ये उतरलं नाही, तर ते झालंच नाही असं समजून मालकाला तेच प्रश्न पुन्हा विचारले जातात.

सहकारी आपल्याच कार्यालयातला नसेल, तर आणखी एक पायरी आहे. सनदी लेखापाल अधिनियम, १९४९ च्या दुसऱ्या अनुसूचीनुसार, कामाच्या ओघात मिळालेली माहिती क्लायंटच्या संमतीवाचून किंवा कायद्याची गरज नसताना दुसऱ्याला उघड करणं हे व्यावसायिक गैरवर्तन ठरतं. आणि व्यापाऱ्याच्या गटात नोटिशीखेरीज बरंच काही असतं : आधारचे फोटो, पोर्टलचा पासवर्ड, भावाभावांतला वाटणीचा वाद. संमती विचारून घ्यावी, कामाचा भाग तेवढा पाठवावा आणि पासवर्ड बदलून घ्यावा. गटात ‘ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी’ चालू असेल, तर एक्सपोर्टच होत नाही. अशा वेळी स्क्रीनशॉट काढून पळवाट शोधण्यापेक्षा क्लायंटशी बोलणं बरं.

एक्सपोर्टची टेक्स्ट फाइल कोणालाही नोटपॅडमध्ये उघडून बदलता येते, हेही पुढच्या माणसाला माहीत असावं. मालकाचा होकार पुढे वादात आला, तर भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र आणि मूळ फोन यांची गरज पडू शकते. त्यामुळे ज्या होकारावर पैसे भरायचे किंवा सोडायचे, तो मालकाकडून ईमेलने एका वाक्यात पुन्हा मागवून घ्यावा आणि सहकाऱ्याला काम सोपवताना तीच ईमेल सर्वांत वर जोडावी.