विश्लेषण : मराठवाड्याचा रंग कोकणाला कसा गेला?

राज्याचा जलसंपदा विभाग धरणांतील पाणीसाठा सहा विभागांनुसार जाहीर करतो. ही आकडेवारी आपोआप उचलून दररोज ताज्या होणाऱ्या रेषालेखात दाखवता येते. मात्र, २०२३ मध्ये औरंगाबाद विभागाचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. अशा नामांतरानंतर पाण्याची पातळी तीच राहूनही आलेखाचा अर्थ बदलू शकतो.

रंग ठरतो कसा?

आलेख काढणाऱ्या सॉफ्टवेअरला कोकण म्हणजे काय हे माहीत नसते. त्याला कळतो तो फक्त यादीतील क्रमांक. व्हेगा-लाइटसारखे साधन नावे वर्णानुक्रमे लावते आणि पहिल्या नावाला पहिला रंग, दुसऱ्याला दुसरा, असे वाटप करते. समजा, रंगांचा क्रम निळा, नारिंगी, हिरवा, लाल, जांभळा, तपकिरी असा आहे. मग अमरावती निळा, औरंगाबाद नारिंगी, कोकण हिरवा, नागपूर लाल, नाशिक जांभळा आणि पुणे तपकिरी.

आता नवे नाव आले. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. त्या वर्षाशी तुलना करायची, तर जुन्या नोंदी ठेवाव्याच लागतात. त्यामुळे जुन्या ओळींत औरंगाबाद आणि नव्या ओळींत छत्रपती संभाजीनगर, अशी सात नावे होतात. ‘छ’ हा ‘क’ आणि ‘न’ यांच्या मध्ये येतो. म्हणून नागपूरचा लाल रंग छत्रपती संभाजीनगरला जातो, नागपूर जांभळे होते, नाशिक तपकिरी आणि पुण्याला सातवा, गुलाबी रंग मिळतो. रंगसूचीतील क्रमही तसाच सरकतो.

मग लक्षात येत नाही का?

येथे तरी येते. एक रेषा मध्येच तुटते, दुसरी तेथूनच सुरू होते, सूचीत सात नावे दिसतात. खरी फसगत पुढच्या टप्प्यावर होते. कोणी तरी जुन्या नोंदींतही नवे नाव भरून माहिती ‘स्वच्छ’ करतो. नावे पुन्हा सहा, एकही रेषा तुटलेली नाही. पण आता वर्णानुक्रमात अमरावतीनंतर थेट कोकण येते. म्हणजे मराठवाड्याचा नारिंगी रंग कोकणाला आणि कोकणाचा हिरवा मराठवाड्याला! बाकी चार रंग जागच्या जागी असल्याने संशय येण्याचे कारणच उरत नाही.

मोबाइलवर हे अधिक महागात पडते. छोट्या पडद्यावर रंगसूची आलेखापासून दूर, वर किंवा खाली जाते. रोज पाहणारा वाचक ती वाचत नाही. नारिंगी म्हणजे मराठवाडा, हे त्याच्या डोळ्यांत बसलेले असते. त्यात गेल्या आठवड्याचा आणि आजचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर शेजारी-शेजारी आले, की मराठवाड्यातील साठा एकाएकी बदलल्याचा समज होतो. आकडे अचूक, तरीही बातमी चुकीची.

दुसरे साधन वापरले तर?

प्लॉटली एक्स्प्रेस वर्णानुक्रम पाहत नाही. माहितीत जे नाव आधी भेटेल, त्याला पहिला रंग. माहिती साठ्याच्या उतरत्या क्रमाने येत असेल, तर नवे नाव नसतानाही अव्वल विभाग बदलताच रंग बदलतात. ‘नागपूर’ऐवजी ‘नागपुर’ लिहिले किंवा ‘पुणे’च्या शेवटी एक मोकळी जागा राहिली, तरी संगणकाच्या लेखी तो नवा विभाग असतो.

उपाय काय?

रंग क्रमांकाला नव्हे, विभागाला बांधायला हवा. कोकण हिरवा म्हणजे हिरवाच, हे कोडमध्ये स्पष्ट लिहून ठेवायचे. रंगसूचीचा क्रमही तसाच पक्का करायचा. त्याआधी जुनी-नवी नावे एकाच विभागाची आहेत हे सांगणारा छोटा तक्ता हवा. तो माणसानेच भरायला हवा. ही दोन नावे एका विभागाची की खरोखर नवा विभाग झाला, हे अक्षरांवरून कळत नाही. विभाग नवा असेल, तर त्याला यादीच्या शेवटी, न वापरलेला रंग द्यावा.

अर्थात, पक्की यादीही एके दिवशी अपुरी पडणार. तेव्हा अनोळखी नावाला साधनाने काय द्यायचे? प्लॉटली एक्स्प्रेस आपल्या ठरलेल्या मालिकेतून गुपचूप पुढचा रंग देते आणि तो आधीच वापरलेला असू शकतो. त्यापेक्षा प्रक्रिया तेथेच थांबवून संपादकीय विभागाला सूचना जाणे बरे. त्यासाठी एक दिवस जुना आलेख दिसला, तर दिसू द्यावा; त्यावर तारीख मात्र ठळक हवी. आणि जागा असेल तेथे विभागाचे नाव रेषेच्या टोकालाच लिहावे. त्या आलेखात रंग सरकले, तरी कोकणाच्या रेषेवर कोकणच लिहिलेले असेल.