कार्डावर ४२ टक्के, खिशातून ५१ टक्के

उदगीरच्या मोंढ्यात ‘शेकडा साडेतीन’ म्हटले, की महिन्याला शंभर रुपयांवर साडेतीन रुपये व्याज, हे कुणालाही कळते. अनेक क्रेडिट कार्डांवरही थकबाकीला हाच दर लागतो. कार्डाच्या माहितीपत्रकात पुढे ‘वार्षिक ४२ टक्के’ असे छापलेले असते. हा आकडा साडेतीनला बाराने गुणून आलेला आहे. त्यात चक्रवाढ धरलेली नाही आणि ग्राहक फसतो तो इथेच.

समजा, एखाद्या दुकानदाराच्या कार्डावर ५० हजार रुपये थकले. पहिल्या महिन्याचे व्याज १,७५० रुपये. ते भरले नाही तर मुद्दलात मिळते आणि दुसऱ्या महिन्याचे व्याज ५१,७५० रुपयांवर लागते, म्हणजे १,८११ रुपये. वर्षभर काहीच भरले नाही, तर सरळव्याजाने २१ हजार रुपये झाले असते. दरमहा चक्रवाढीने ते २५,५५३ रुपये होते. म्हणजे खरा दर ५१ टक्क्यांच्या पुढे जातो. विलंब शुल्क आणि व्याजावरील १८ टक्के जीएसटी वेगळाच.

हीच चक्रवाढ रोज झाली तर? व्याज सुमारे २६,०८० रुपये होईल. म्हणजे दरमहा चक्रवाढीपेक्षा साधारण सव्वापाचशे रुपये जास्त. दर कमी असेल तर हा फरक आणखी घटतो. नऊ टक्क्यांच्या एक लाखाच्या कर्जावर तो वर्षाला अवघा ३५ रुपयांच्या आसपास असतो.

मग ‘रोज’ या शब्दाला घाबरायचे कशासाठी? रोज व्याज मोजणे आणि रोज व्याज मुद्दलात मिळवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कार्डाचे व्याज साधारणपणे रोजच्या बाकीवर मोजतात आणि महिन्याला बिलात लावतात. पूर्ण बिल न भरता फक्त ‘किमान रक्कम’ भरली, की बिनव्याजी मुदत संपते. मग व्याज बिलाच्या तारखेपासून नव्हे, तर खरेदीच्या दिवसापासून लागते. नव्या खरेदीलाही सवलत उरत नाही. मात्र रोजच्या मोजणीचा एक फायदाही आहे: पैसे दहा दिवस आधी भरले, तर दहा दिवसांचे व्याज वाचते.

न भरलेले शुल्क आणि कर मुद्दलात मिळवून त्यावर व्याज लावायला रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या निर्देशांत मनाई केली आहे. वार्षिक दर सांगण्याचे बंधनही आहे. आता एक पाऊल पुढे जायला हवे. ४२ च्या शेजारी चक्रवाढीसह येणारा ५१ चा आकडाही तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापला पाहिजे. तोवर ग्राहकाने कर्ज देणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा: ‘एक लाख घेतले आणि वर्षभर काहीच भरले नाही, तर वर्षाअखेर किती द्यावे लागतील?’ उत्तर टक्क्यांत नको, रुपयांत मागावे.