विश्लेषण : मेसेजच्या शेवटी /s, /j का लिहितात? पावसाळ्यातल्या ग्रुपवर ही खूण पुरेशी आहे का?

पावसाळा सुरू झाला की कर्जत-खालापूर भागातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन तऱ्हेचे मेसेज एकाच वेळी धावू लागतात. एकात लोकल कुठे अडकली, कोणत्या रस्त्यावर पाणी आले, याची खबर असते. दुसऱ्यात त्याच गोष्टींची टिंगल असते. दोन्ही एकाच चौकटीत आणि एकाच अक्षरात येतात, त्यामुळे वाचणाऱ्याला फरक कळेलच असे नाही. अशा वेळी काही तरुण मंडळी थट्टेच्या वाक्यापुढे /s किंवा /j लिहितात. ही पद्धत काय आहे आणि ती कुठवर उपयोगाची आहे?

या खुणांचा नेमका अर्थ काय?

/s म्हणजे वाक्य उपरोधाने लिहिले आहे, लिहिणाऱ्याला उलटेच म्हणायचे आहे. /j म्हणजे नुसती गंमत, त्यात उलटा अर्थ शोधायचा नाही. ‘वा, काय सुंदर रस्ते आहेत आपले /s’ यात तक्रार आहे. ‘उद्यापासून मी होडीनेच कामावर जाणार /j’ यात फक्त विनोद आहे. मनापासून किंवा गंभीरपणे लिहिले असेल तर /srs लावतात. इथेच पहिली अडचण येते. नवख्या माणसाला /s म्हणजे ‘सीरियस’ वाटू शकते आणि मग खूण वाचूनही अर्थ उलटा घेतला जातो.

यातली तिरकी रेघ वेबपेजच्या भाषेतून आली. तिथे एखादा भाग संपला की `</b>` अशी बंद करणारी खूण लिहितात. त्याच धर्तीवर लोक गमतीने `</sarcasm>` लिहू लागले आणि ते आखडत /s उरले. स्वमग्न व्यक्तींना आणि शब्दांमागचा सूर ओळखणे जड जाणाऱ्या इतरांनाही अशा खुणांची मोठी मदत होते. ‘हे खरे की थट्टा?’ असे दर वेळी विचारण्याचा संकोच वाचतो.

ही गरज आजचीच आहे का?

नाही. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकावरच्या चर्चेत कोणीतरी थट्टेने इशारा लिहिला, की एका लिफ्टमध्ये पारा सांडला आहे. काहींना तो खरा वाटला. त्यानंतर असे घोटाळे टाळायचे कसे यावर चर्चा झाली आणि १९ सप्टेंबर रोजी प्राध्यापक स्कॉट फालमन यांनी विनोदासाठी :-) ही खूण सुचवली. म्हणजे आज प्रत्येक मोबाइलवर दिसणाऱ्या हसऱ्या चेहऱ्याचे मूळ एका थट्टेच्या धोक्याच्या सूचनेत आहे.

मराठीनेही आपली सोय करून घेतली होती. मायबोली, मिसळपाव यांसारख्या संकेतस्थळांवर थट्टेनंतर ‘ह. घ्या.’, म्हणजे ‘हलकेच घ्या’, असे लिहिण्याची रीत पडली. ‘लाइट घ्या’चे गमतीदार मराठीकरण होऊन ‘दिवे घ्या’ही रूढ झाले. छापील मराठीत तर शब्दापुढे कंसात उद्गारचिन्ह टाकून टोमणा मारण्याची पद्धत जुनीच आहे.

लिहिणाऱ्याला गरज का जाणवत नाही?

कारण लिहिताना आपला सूर आपल्या कानात वाजत असतो. २००५ मध्ये जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी हेच तपासले. काही वाक्ये उपरोधिक आणि काही गंभीर होती. समोरच्याला आपला सूर शेकडा ७८ वेळा कळेल, असा पाठवणाऱ्यांचा अंदाज होता. आवाज ऐकणाऱ्यांना तो चारांतून सुमारे तीन वेळा कळला. ईमेल वाचणाऱ्यांना मात्र शेकडा ५६ वेळाच कळला. नाणे उडवून उत्तर दिले तरी ५० येतात.

मराठीत हा फटका जास्त बसतो, कारण आपला उपरोध बहुतेक वेळा हेलात असतो. ‘हो, आलाच तो!’ हे स्वागतही असते आणि ‘तो कसला येतोय’ही असते. ‘बरं’ हा शब्द लांबवला की होकाराचा टोमणा होतो. टाइप करताना ती लांबी गळून पडते.

कर्जतच्या प्रवाशाला यामुळे काय फरक पडतो?

समजा, कर्जत स्थानकावर मुंबईची लोकल २५ मिनिटे उशिरा आहे. फलाटावरचा एक प्रवासी वैतागून ग्रुपवर लिहितो, ‘वा! लोकल आज अगदी वेळेवर. रेल्वेचे आभार मानावेत तेवढे थोडेच.’ सोबत उभ्या असलेल्यांना विनोद लगेच कळतो. पण डोळवलीला उभा असलेला दुसरा प्रवासी तेव्हा खोपोलीहून येणाऱ्या गाडीची वाट पाहत असतो. तीही रखडलेली आहे. मेसेज वाचून त्याला वाटते, पुढची लोकल चुकलीच. तो घरी परततो आणि दिवसाची मजुरी बुडते. प्रत्यक्षात त्याला ती गाडी आरामात मिळाली असती.

शेवटी /s असते तर? ज्याला खूण माहीत आहे तो वाचला असता. पण खूण वाक्याच्या टोकाला असते आणि मोबाइलवर टोकच आधी कापले जाते. नोटिफिकेशनमध्ये मेसेजची सुरुवातच दिसते. लांब मेसेज अर्धा दुमडलेला असतो. स्क्रीनशॉट कापताना किंवा मजकूर कॉपी करताना शेवटची दोन अक्षरे सुटतात आणि मग दुसऱ्या ग्रुपवर जाते ती निव्वळ खोटी बातमी.

दरडीच्या, पुराच्या थट्टेला ही खूण वाचवते का?

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. त्यानंतर डोंगराखालच्या वाड्या-पाड्यांत ‘डोंगर खचतोय’ हे वाक्य कोणीही हलके घेणार नाही. ते वाचून लोक रात्री मुलाबाळांना घेऊन बाहेर पडतील, तेव्हा शेवटी /j होते का हे पाहायला कोणी थांबणार नाही.

कायद्यातही या खुणेला वेगळे स्थान नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ५४ नुसार आपत्तीबद्दल खोटा इशारा देऊन किंवा पसरवून घबराट निर्माण केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. थट्टा होती, हा बचाव मांडता येईल. पण तो मांडावा लागण्याइतकी वेळ येणे हेच महाग आहे.

मग लिहावे कसे?

मित्रांच्या ग्रुपवर, जिथे सगळ्यांना अर्थ ठाऊक आहे, तिथे /s आणि /j जरूर वापराव्यात. गैरसमजापेक्षा विनोद थोडा फिका झालेला बरा. मात्र अपमान करून पुढे /j लावल्याने अपमान पुसला जात नाही.

प्रवासी, गाव किंवा सोसायटीच्या ग्रुपवर आजीपासून नातवापर्यंत सगळे असतात. तिथे इंग्रजी अक्षरापेक्षा ‘थट्टा आहे’ हे शब्द लिहावेत आणि तेही सुरुवातीला. त्याहून बरे म्हणजे आधी खबर, मग टोमणा : ‘लोकल २५ मिनिटे उशिरा. रेल्वेचे आभार मानावेत तेवढे थोडेच /s.’ आता शेवट कापला गेला तरी डोळवलीच्या प्रवाशाला खरी वेळ कळते. पूर, धरण आणि दरड यांची थट्टा मात्र इशाऱ्याच्या रूपात लिहूच नये. तिला पुरेल अशी खूण कोणत्याच भाषेत नाही.