पाच आणि चौदा किलोंच्या मधली बांधी
हवामानाचा हिशेब : साप्ताहिक स्तंभ

धानाच्या बांधीत पाणी सतत तुंबवून न ठेवता अधूनमधून आटू दिले, तर तिच्यातून निघणारा मिथेन जवळपास निम्म्यावर येतो. याबद्दल फारसा वाद नाही. पाण्याखालच्या चिखलात प्राणवायू पोचत नाही. तिथले सूक्ष्मजीव कुजणाऱ्या सेंद्रिय पदार्थांपासून मिथेन तयार करतात आणि त्यातला बहुतेक वायू धानाच्याच पोकळ ऊतींमधून वर येऊन हवेत मिसळतो. पाणी आटले, जमिनीत हवा शिरली, की हे काम मंदावते. पण त्याच हवेमुळे दुसरे काम सुरू होते. युरियातला नायट्रोजन जमिनीत रूपे बदलत जातो आणि ओल व हवा आलटून पालटून मिळाली की त्याचा काही भाग नायट्रस ऑक्साइड बनून निसटतो. एक वायू घटतो, दुसरा वाढतो. बांधी आटू देणे चांगले की वाईट हे ठरवायचे, तर दोघांना एका मापात आणावे लागते. हे माप म्हणजे कार्बन डायऑक्साइड समतुल्य. पाठ्यपुस्तकात हे चार ओळींचे गणित असते आणि त्याचे उत्तर एका आकड्यात येते. माझे म्हणणे असे की धानासारख्या पिकात तो एकटा आकडा निर्णयाला पुरत नाही. किती वर्षांचा हिशेब धरला, हे कळल्याशिवाय तो वाचताच येत नाही.

रूपांतराचा गुणक, म्हणजेच जागतिक तापवृद्धी क्षमता, काढतात तो असा. एक किलो वायू आज हवेत सोडला, तर ठरावीक काळात तो एकूण किती उष्णता अडवेल हे मोजायचे आणि एक किलो कार्बन डायऑक्साइड तेवढ्याच काळात जितकी अडवतो, तिने भागायचे. सगळी मेख त्या ‘ठरावीक काळा’त आहे. मिथेन हवेत सरासरी बारा वर्षे टिकतो. वीस वर्षांत त्याचे बहुतेक काम उरकलेले असते. पुढची ऐंशी वर्षे तो भाज्यात फारशी भर घालत नाही, भाजक मात्र वाढतच राहतो, कारण कार्बन डायऑक्साइडचा मोठा हिस्सा हवेतच असतो. म्हणून आयपीसीच्या सहाव्या अहवालात (२०२१) जैविक मिथेनचा गुणक वीस वर्षांसाठी ७९.७ आणि शंभर वर्षांसाठी २७ आहे. नायट्रस ऑक्साइड शंभराहून अधिक वर्षे टिकतो, त्यामुळे त्याचा गुणक दोन्ही मुदतींना २७३ इतकाच राहतो. मुदत बदलली की मिथेन तिपटीने जड किंवा हलका होतो आणि दुसरा वायू जागचा हलत नाही.

आता प्रत्यक्ष गणित. भंडारा-गोंदियाकडे उन्हाळी धान ओलिताखाली घेतात, तशी एक हेक्टर बांधी घेऊ. खरिपात पाऊस पाणी आटू देईलच असे नाही, उन्हाळीत ते आपल्या हाती असते. पीक १२० दिवस उभे आहे, शेणखत किंवा पेंढा घातलेला नाही आणि रासायनिक खतातून १०० किलो नायट्रोजन दिला आहे. आयपीसीच्या २०१९च्या सुधारित मार्गदर्शिकेत दक्षिण आशियासाठी सतत पाणी साचलेल्या हेक्टरामागे दिवसाला ०.८५ किलो मिथेन धरलेला आहे. म्हणजे हंगामात १०२ किलो. अनेकदा पाणी आटू दिले तर याला ०.५५ने गुणायचे, येतात ५६.१ किलो. नायट्रस ऑक्साइडसाठी तीच मार्गदर्शिका सतत पाण्यात दिलेल्या नायट्रोजनाच्या ०.३ टक्के आणि पाणी आटवल्यास ०.५ टक्के धरते. इथे सर्वांत जास्त चुका होतात. ही टक्केवारी वायूची नसून त्याच्यातल्या नायट्रोजनाची आहे. दोन नायट्रोजन अणूंचे वजन २८ आणि पूर्ण रेणूचे ४४, म्हणून आलेल्या आकड्याला ४४/२८ने गुणावेच लागते. ०.३ किलोचे होतात ०.४७ किलो आणि ०.५ किलोचे ०.७९ किलो. ही पायरी गाळली की नायट्रस ऑक्साइडचा वाटा एक तृतीयांशाहून अधिक कमी दिसतो, आणि एकूण बेरजेत तो लहान असल्यामुळे चूक नजरेतही भरत नाही. उलटी चूकही होते. १०० किलो नायट्रोजन म्हणजे सुमारे २१७ किलो युरिया. कोणी गणितात युरियाचेच वजन टाकले, तर उत्तर दुपटीहून फुगते.

शंभर वर्षांच्या गुणकांनी बेरीज करू. पाणी तुंबवलेल्या बांधीत मिथेनचे २७५४ आणि नायट्रस ऑक्साइडचे १२९, मिळून २८८३ किलो कार्बन डायऑक्साइड समतुल्य. आटवलेल्या बांधीत १५१५ आणि २१४, मिळून १७२९. हेक्टरी ११५४ किलोंची बचत, म्हणजे चाळीस टक्के. वीस वर्षांचा गुणक लावला तर बचत आणखी मोठी दिसते. पाठ्यपुस्तकातले गणित इथे संपते आणि ‘पाणी आटू द्या’ असा निष्कर्ष निघतो.

पण ०.५ टक्के ही सरासरी आहे. प्रत्यक्ष बांधीतून किती वायू निघतो ते मोजायला उभ्या पिकावर बंद पेटी ठेवतात, ठरावीक मिनिटांनी तिच्यातली हवा सिरिंजने काढतात आणि प्रयोगशाळेत तपासतात. मिथेन संथपणे येत राहतो, म्हणून आठवड्यातून एकदा मोजला तरी अंदाज बरा लागतो. नायट्रस ऑक्साइडचे तसे नाही. युरिया टाकला आणि त्याच सुमारास बांधी आटली, की काही दिवस त्याची लाट उसळते आणि ओसरते. त्या दिवसांत पेटी लावली नसेल, तर कागदावर तो वायू निघालाच नाही. २०१८मध्ये ‘पीएनएएस’ या नियतकालिकात दक्षिण भारतातल्या शेतांवरचा एक अभ्यास आला. पाणी आलटून पालटून देणाऱ्या शेतांतून एका हंगामात हेक्टरी ३३ किलोंपर्यंत नायट्रस ऑक्साइड निघाल्याची नोंद त्यात होती. पुढच्याच वर्षी धानावर काम करणाऱ्या इतर शास्त्रज्ञांनी त्याच नियतकालिकात हरकत घेतली, की इतके चढे आकडे सर्वत्र लागू करून पाण्याचे धोरण ठरवता येणार नाही. ही हरकत मला रास्त वाटते. ३३ किलो हे टोक आहे. तरीही त्या अभ्यासाने उघड केलेली गोष्ट उरतेच, की मोजणी विरळ असेल तर हा वायू हातातून निसटतो.

म्हणून आपल्या बांधीत ३३ धरू नका, ०.७९ही धरू नका. समजा, नीट मोजल्यावर आटवलेल्या बांधीत ८ किलो नायट्रस ऑक्साइड सापडला. तुंबवलेल्या बांधीपेक्षा हे ७.५३ किलोंनी जास्त. २७३ने गुणल्यावर २०५६ किलोंचा बोजा वाढला. मिथेन वाचला ४५.९ किलो. शंभर वर्षांच्या गुणकाने त्याचे झाले १२३९, म्हणजे बांधी आटवून ८१७ किलोंचा तोटा. वीस वर्षांच्या गुणकाने झाले ३६५८, म्हणजे १६०२ किलोंचा फायदा. शेत तेच, हंगाम तोच, एकही रेणू इकडचा तिकडे झालेला नाही, आणि निकाल उलटला. ही सीमा काढणे अवघड नाही. वाचलेल्या मिथेनच्या समतुल्याला २७३ने भागायचे आणि मूळचा ०.४७ किलो मिळवायचा. आटवलेल्या बांधीतला नायट्रस ऑक्साइड ५ किलोंच्या आत असेल तर दोन्ही हिशेबांनी पाणी आटवणेच बरे. सुमारे १४ किलोंच्या वर गेला तर दोन्ही हिशेबांनी वाईट. मधल्या पट्ट्यात उत्तर शेत देत नाही, आपण निवडलेली मुदत देते.

यावर पहिली हरकत अशी येईल, की मुदत आता ठरलेली आहे, मग वाद कशाला? पॅरिस कराराच्या नियमावलीत सर्व देशांनी आयपीसीच्या पाचव्या अहवालातले शंभर वर्षांचे गुणक वापरावेत असे ठरले आहे. तुलनेसाठी एक माप हवेच, आणि ते बदलावे असे मी म्हणत नाही. पण तीच नियमावली प्रत्येक वायूचे वजन वेगळे मागते आणि पूरक म्हणून दुसरी मापे द्यायलाही मुभा देते. शंभर हा आकडा निसर्गाने दिलेला नाही. आयपीसीच्या १९९०च्या पहिल्या अहवालात वीस, शंभर आणि पाचशे वर्षे चर्चेपुरती मांडली होती, त्यातली मधली रूढ झाली. शिवाय गुणकही अहवालागणिक बदलतात. भारताने २०१६ सालच्या उत्सर्जनाचा हिशेब दिला तेव्हा मिथेनसाठी दुसऱ्या अहवालातला २१ हा गुणक लावला होता. तेव्हाचा सुमारे १.९५ कोटी टन मिथेन त्या गुणकाने ४१ कोटी टन समतुल्य होतो आणि पाचव्या अहवालातल्या २८ने साडेचोपन्न कोटींवर जातो. दोन वर्षांच्या अहवालांची तुलना करताना गुणकाची आवृत्ती पाहिली नाही, तर न झालेली वाढ दिसते किंवा झालेली घट लपते. वजन किलोत लिहिलेले असेल तर केव्हाही नव्या गुणकाने पुन्हा मांडता येते. नुसती बेरीज लिहिली असेल तर वायू मागे वेगळे काढता येत नाहीत.

दुसरी हरकत याच्या उलट बाजूने येते. पुढची वीस-तीस वर्षे निर्णायक आहेत, तेव्हा सरळ वीस वर्षांचाच गुणक घ्या आणि मिथेनवर तुटून पडा. घाई मला समजते, पण या मार्गाने नायट्रस ऑक्साइडचे ओझे आपण नातवंडांच्या खात्यावर टाकतो. तो शंभराहून अधिक वर्षे तापवत राहील आणि वरच्या ओझोन थरालाही झिजवेल. मिथेनबाबत चूक झाली तर ती काही दशकांत हवेतून पुसली जाते, नायट्रस ऑक्साइडची तशी पुसली जात नाही. एक गुणक काढून दुसरा बसवल्याने हा प्रश्न सुटत नाही. फक्त दुसरी बाजू झाकली जाते.

तिसरी हरकत शिक्षकांची आणि प्रकल्प चालवणाऱ्यांची असेल, की एवढा गुंता विद्यार्थ्याला आणि शेतकऱ्याला कशाला? गुंता दोन जादा रकान्यांचा आहे. उत्तरात मिथेन किलोत, नायट्रस ऑक्साइड किलोत, आणि मग समतुल्य, कोणत्या अहवालाचे आणि किती वर्षांचे ते लिहून. यामुळे खोटा नेमकेपणाही टळतो. शंभर वर्षांच्या २७ या गुणकाची अनिश्चितता खुद्द सहाव्या अहवालातच अधिक-उणे ११ अशी दिली आहे. त्यामुळे २७ की २८ यावर भांडण्यात अर्थ नाही, आणि १७२९ किलोंमधल्या शेवटच्या दोन अंकांना तर मुळीच नाही. कोणत्या पट्ट्यात आपण आहोत, एवढेच या गणिताने सांगायचे असते.

शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर वायू वेगळे ठेवण्याचा लाभ थेट आहे. समतुल्याची बेरीज त्याला ‘आटव’ किंवा ‘आटवू नको’ इतकेच सांगते. दोन रकाने त्याला सांगतात की मिथेनचे काम झाले आहे, गळती खताच्या बाजूने आहे. मग उपायही तिथेच सापडतो. बांधीत पुरलेल्या छिद्रांच्या नळीत पाणी जमिनीखाली पंधरा सेंटिमीटरपर्यंत उतरले की पुन्हा भरायचे, त्याहून कोरडी पडू द्यायची नाही. युरियाचा हप्ता पाणी उतरत असताना टाकायचा नाही, आणि एकदम न देता विभागून द्यायचा. आणि पाणी वाचवून कार्बनचे पैसे मिळवून देऊ म्हणणाऱ्या प्रकल्पाने नोंदवही दाखवली, तर तिच्यात आधी युरियाच्या तारखा पाहायच्या. नायट्रस ऑक्साइडची मोजणी त्या तारखांनंतरच्या आठवड्यात रोज झालेली नसेल, तर बांधी पाच किलोंच्या आत आहे की बाहेर, हे त्या नोंदवहीवरून ठरवता येणार नाही.