झरोक्यातलं बिऱ्हाड

आमच्या धामणगाव बढ्यात झरोक्यातल्या घरट्याबद्दल दोनच मतं ऐकू येतात. म्हातारे म्हणतात, "राहू दे रे बावा, घरटं मोडलं त पाप लागते." नवी घरं बांधणारे म्हणतात, "घाण करते, काढून टाक." मला दोन्ही मान्य नाहीत. पाखरू कोणतं, हे मागून पाहा. तो झरोका कशासाठी ठेवला आहे, हे आधी पाहा.

माजघराच्या झरोक्यात चिमणीनं काड्या कोंबल्या तर बिघडत नाही. दार-खिडकीतून हवा येतेच. खाली पाण्याचा माठ नको आणि पिलं उडायच्या दिवसांत छताचा पंखा बंद ठेवायचा, एवढंच. महिन्याभरात अंड्यांची पिलं होऊन उडूनही जातात. तेवढ्यासाठी घरटं मोडणाऱ्याला मी माणूसघाणाच म्हणेन.

पण न्हाणीघराची गोष्ट वेगळी. आमच्याकडं गॅसचा गिझर बसवला, आणि चैत्रात साळुंकीनं तिथला एकुलता झरोका गवत, चिंध्या, प्लास्टिकनं गच्च भरला. आई म्हणे, "राहू दे तिले." एक दिवस सूनबाई आंघोळ करून आली ती भोवळ येऊनच बसली. डोकं ठणकत होतं. मोकळ्या हवेत आल्यावर बरं वाटलं. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. दार लावलेल्या न्हाणीत तो माणूस मारतो. इथं भूतदया चालत नाही.

मग घरटं ओढून काढायचं का? घरट्यात पिलं होती. साळुंकी चोचीत किडे घेऊन आत जायची, त्यावरून कळलं. नुसत्या काड्या नेत असती, तर त्याच दिवशी काढलं असतं. आम्ही गिझर बंद केला. उन्हाळ्यात गरम पाणी हवं कोणाला? साळुंकीला अंड्यापासून उडेपर्यंत पाच-सहा आठवडे लागतात. आमच्या वाट्याला तीनच आले. आतला चिवचिवाट थांबल्यावर दोन दिवस वाट पाहिली, मग नाकाला फडकं बांधून, पाणी शिंपडून घरटं काढलं. लगेच काढावं लागतं. नाहीतर त्याच जागी दुसरी वीण सुरू होते, आणि रिकाम्या घरट्यातले बारीक किडे माणसांना चावायला उतरतात. नंतर अर्ध्या इंचाची जाळी ठोकली. त्याहून बारीक जाळी धूळ आणि जाळ्यांनी बुजते, म्हणजे घरटं काढून घरट्यासारखंच केलं.

चुलीच्या खोलीतल्या झरोक्यालाही हाच न्याय. तिथं धूर कोंडतो, आणि वाळलेलं गवत ठिणगीची वाटच पाहत असतं. जाळी पाखरू यायच्या आधी, माघ-फाल्गुनातच लावा. अंडी घातल्यावर जाळी ठोकणं म्हणजे पिलांना उपाशी मारणं. पाप लागत असेल तर ते इथं लागतं, आळसाचं.