नाईट सोडायचीय? साहेबांकडे अडचण नको, सोय घेऊन जा

जळगाव एमआयडीसीत चटईच्या कारखान्यांत रात्रीही मशीन चालतात, कारण एकदा थंड झालेलं मशीन परत तापवायला वेळ जातो आणि माल वाया जातो. म्हणून "साहेब, शुगर वाढली, नाईट जमत नाही" एवढंच म्हटलं, की सुपरवायझरला एकच प्रश्न पडतो: मग रात्री मशीनवर कोण?

माझं मत, उत्तर आपणच न्यावं. तेच मशीन येणारा, नाईटला तयार असलेला जोडीदार आधी विचारून ठेवा. डॉक्टरांच्या चिठ्ठीत किती महिने नाईट नको, हे लिहून घ्या. अर्जात लिहा, "महिनाभर अदलाबदल करून बघू, काम अडलं तर दुसरा मार्ग काढू." 'परत नाईटला येईन' असं मात्र लिहू नका. नाईटचा भत्ता जाईल, तो हिशेब आधी घरी करा.